डाळीला भाताची सोबत हवीच का?

नमस्कार. वय 58, वजन 56 किलो, राहणार रामबाग, इंदूर. घरी आम्ही दोघंच, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सहा महिन्यांपूर्वी साखर जराशी वाढलेली निघाली, गोळी सुरू नाही, पण तेव्हापासून मी भात सोडला. तीन किलो वजन उतरलं. बरं वाटलं, पण मांड्या सैल पडल्या आणि देवापुढून उठताना हात टेकावा लागतो. सकाळी पोहे-शेव, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भाजी. रात्री वाटीभर वरण, भाजी, थोडं दही. सोमवारी उपास. रोज पाऊण तास नेहरू पार्कात चालते. जिमला जाणारा भाचा म्हणतो, "मावशी, भाताशिवाय डाळीचं प्रोटीन अपुरंच, दोन्ही एकाच घासात हवं." मग भात पुन्हा सुरू करू का?
— एक वाचक, इंदूर

ताई, प्रोटीनसाठी म्हणून भात सुरू करायची गरज नाही. भाताचं जे काम भाचा सांगतो, ते तुमच्या दुपारच्या पोळ्या करतातच. तुमच्या मांड्यांचं दुखणं दुसरीकडे आहे, पण आधी भाच्याच्या म्हणण्यात खरं किती ते पाहू.

प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत ही नऊच्या नऊ असतात आणि डाळीतही असतात. "अपुरं" म्हणजे एखादं आम्ल मुळातच नाही असं नव्हे, ते गरजेच्या मानानं कमी पडतं इतकंच. धान्यात लायसिन कमी पडतं. डाळीत लायसिन भरपूर असतं, पण गंधक असलेली मेथिओनिनसारखी आम्लं बेताची असतात. म्हणून धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. हा भाग पक्का आहे.

आकड्यांत सांगायचं तर दर ग्रॅम प्रोटीनमागे साधारण 45 मिलिग्रॅम लायसिन असावं अशी प्रौढांसाठी अपेक्षा असते. गव्हात ते 27 च्या आसपास असतं, तांदळात 36 च्या आसपास, तुरीच्या डाळीत 70 च्या घरात. नुसत्या पोळ्या खाऊन राहणारा माणूस लायसिनमध्ये मागे पडेल. पण दिवसभराच्या प्रोटीनपैकी अर्धं गव्हातून आणि अर्धं डाळीतून आलं, तर सरासरी 48 येते, म्हणजे अट सुटली. उलट बाजूनं, डाळीला जे मेथिओनिन लागतं ते गहूही देतो. थोडक्यात भाताच्या जागी पोळी, बाजरीची भाकरी, मक्याची रोटी, दाल-बाफल्यातला बाफला, काहीही चालतं. वरणभात ही आपल्या सवयीची जोडी आहे, म्हणून तिचंच नाव पुढे येतं.

आता "एकाच घासात". हे कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे. 1914 च्या सुमारास अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांना गव्हातलं ग्लायडिन हे एकच प्रोटीन खायला घातलं. उंदीर जगले पण वाढले नाहीत. लायसिन मिसळल्यावर वाढू लागले. अमिनो आम्लांचं महत्त्व त्यातून कळलं, पण वाढतं उंदराचं पिल्लू म्हणजे 58 वर्षांची बाई नव्हे. पिल्लाची वाढ भराभर होते आणि त्याला अंगभर केस उगवायचे असतात, केसांना गंधकाची आम्लं जास्त लागतात. त्यामुळे उंदरांच्या मोजणीत डाळी उगाचच कमी ठरल्या. पुढे 1971 मध्ये फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकानं "शाकाहाऱ्यांनी जोड्या जुळवून खावं" हा विचार घरोघरी नेला. दहा वर्षांनी, 1981 च्या आवृत्तीत, त्यांनी स्वतःच कबूल केलं की जोड्या जुळवण्यावर आपण गरजेपेक्षा जास्त भर दिला. माघार मात्र मूळ सल्ल्याइतकी पसरली नाही.

एकाच ताटाची गरज का नाही, त्याचं कारण शरीराच्या व्यवहारात आहे. खाल्लेली आम्लं लगेच वापरली नाहीत तर वाया जातात असं होत नाही. रक्तात आणि स्नायूंच्या पेशींत सुट्या आम्लांचा एक चालता साठा असतो. शिवाय आतड्यातून रोज पाचकरस आणि झडलेल्या पेशी अन्नात मिसळतात, तेही प्रोटीनच असतं, ते पचून पुन्हा शोषलं जातं. त्यामुळे दुपारच्या पोळीतलं मेथिओनिन आणि रात्रीच्या वरणातलं लायसिन यांची गाठ पडायला अडचण येत नाही. दिवसभराचा हिशेब जुळला की पुरे. याची मर्यादाही आहे: हा साठा तासांचा आहे, आठवड्यांचा नाही. चातुर्मासात कुणी दोन-दोन आठवडे डाळ, दूध, दही सगळंच सोडून भाज्या आणि पोळीवर राहिलं तर लायसिन खरोखर कमी पडेल. तुमचं तसं नाही, तुम्ही डाळही खाता आणि दहीही.

मग मांड्या का सैल पडल्या? तुम्ही लिहिलेल्या ताटाची बेरीज करू. पोह्यांची एक बशी म्हणजे कोरडे पोहे 50 ग्रॅम धरले तर साडेतीन ग्रॅम प्रोटीन. वरची शेव आणि दोन-चार दाणे मिळून तीन-चार ग्रॅम. दुपारच्या दोन पोळ्यांचं पीठ साठ ग्रॅम, म्हणजे साडेसहा ग्रॅम. वाटीभर आमटीत कच्ची डाळ किती, हा खरा प्रश्न. आपल्याकडची आमटी पातळ असते, एका वाटीला पंधरा ते वीस ग्रॅम डाळ लागते, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम प्रोटीन. रात्रीच्या वरणाचं तेच. दह्याचे दोन-तीन, दोन्ही वेळच्या भाजीचे मिळून चार, चहातल्या दुधाचे एक-दोन. सगळं मिळून तीस ग्रॅमच्या आसपास.

निरोगी प्रौढाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम लागतं, म्हणजे तुमच्या वजनाला 46 ते 47 ग्रॅम. तो आकडा चांगल्या प्रतीच्या प्रोटीनसाठीचा आहे. आपल्यासारख्या धान्यप्रधान जेवणात किलोमागे एक ग्रॅम धरणं शहाणपणाचं. साठीच्या पुढे स्नायू प्रोटीनला कमी प्रतिसाद देतात, म्हणून ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. तुम्ही त्याच उंबरठ्यावर आहात. म्हणजे तुमचं लक्ष्य 56 ते 67 ग्रॅम, आणि आज पोटात जातं त्याचं निम्मं. तीस ग्रॅममध्ये तुम्ही भात घातलात किंवा काढलात, तरी एका वाटी भातानं तीन-चार ग्रॅमचा फरक पडेल. जोडी जुळली, पण ताट रिकामंच राहिलं.

दुसरं कारण भात सोडण्याच्या पद्धतीत आहे. रात्रीचा भात काढलात आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीत. उष्मांक कमी पडले की शरीर आधी इंधनाची सोय बघतं आणि खाल्लेल्या प्रोटीनचा एक भाग जाळून टाकतं. शिवाय वजन उतरतं तेव्हा सगळी चरबीच जाते असं नाही. स्नायूंना काम न देता वजन उतरवलं तर त्यातला जवळपास पाव भाग चरबीशिवायचा असतो, त्यात स्नायूही आले. तुमच्या तीन किलोंतलं थोडं मांडीतूनच गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा रात्री वरणाबरोबर एक पोळी किंवा अर्धी भाकरी घ्या. साखरेसाठी अर्धी वाटी भात आणि एक पोळी यांत फार मोठं अंतर नसतं. भात आवडत असेल तर अर्धी वाटी भरपूर डाळीबरोबर खा. एकूण किती खाल्लं हे बघायचं, कुठलं धान्य ते नंतर.

डाळ पुरेशी जाते का हे ओळखायची एक घरगुती खूण आहे: सियागंजातून आणलेली किलोभर डाळ तुम्हा दोघांना किती दिवस पुरते ते बघा. दोघांनी दोन्ही वेळा माणशी तीस ग्रॅम खाल्ली तर रोज 120 ग्रॅम लागते, किलो आठ दिवसांत संपतं. तेच किलो वीस दिवस पुरत असेल तर दिवसाला माणशी पंचवीस ग्रॅमच पोटात जाते, म्हणजे सगळ्या दिवसाची डाळ एका जेवणापुरतीही नाही. यात उसळी आणि बेसन वेगळं मोजा. आमटी घट्ट करायची म्हणजे पाणी कमी आणि डाळ दुप्पट. नुसतं वरणाचं पाणी पिऊन ताकद येत नाही, प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत राहतं.

आता त्याच ताटात बदल. सुरुवात सकाळपासून करा, कारण तुमचा सकाळचा डबा सगळ्यात रिकामा आहे. पोहे राहू द्या, इंदूरच्या माणसाला पोहे सोडा म्हणून कोण ऐकेल? कोरडे पोहे चाळीस ग्रॅम घ्या, त्यात वीस ग्रॅम दाणे आणि रात्री भिजवून मोड आणलेले, वाफवलेले मूग, कोरडे पंचवीस ग्रॅम मोजलेले. बरोबर पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर दूध. पोह्यांचे तीन, दाण्यांचे पाच, मुगाचे सहा, दुधाचे साडेसहा: वीस ग्रॅमच्या वर गेलं. शेव चवीपुरती चिमूटभर ठेवा. ती बेसनाची असली तरी तिच्यात तेल भरपूर असतं, तिला प्रोटीनच्या हिशेबात धरू नये. मोड आल्यानं मुगाचं प्रोटीन वाढतं हाही एक गैरसमज. पचायला सोपं होतं हे खरं, पण मोड आलेले मूग पाण्यानं फुगतात, म्हणून वाटी भरलेली दिसते. वजन नेहमी भिजवण्याआधीचं बघा.

दुपारी दोन पोळ्या, तीस ग्रॅम डाळीची घट्ट आमटी, भाजी आणि दीडशे ग्रॅम दही: साडेसहा, साडेसहा, दोन आणि पाच, म्हणजे वीस. चारच्या चहाबरोबर नमकीनऐवजी तीस ग्रॅम फुटाणे, सहा ग्रॅम. रात्री तीस ग्रॅम डाळ, एक पोळी, भाजी आणि पन्नास ग्रॅम पनीर भाजीत घालून: पुन्हा वीसच्या आसपास. दिवसाची बेरीज 66 होते. पनीर रोज नको असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा सोयाच्या वड्या घ्या, त्यांच्या वजनाच्या निम्मं प्रोटीनच असतं. पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळून टाका म्हणजे वास जातो, मग रस्सा करा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. डाळीचं प्रमाण एकदम दुप्पट झालं की पोट फुगतं, आणि माणूस "मला डाळ सोसत नाही" म्हणून मोकळा होतो. पहिला आठवडा फक्त सकाळ बदला, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात रात्र. डाळ शिजवण्याआधी तासभर आणि मटकी-हरभरे रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, हिंग-आलं घाला. गॅस धरलाच तर काही दिवस हरभऱ्याऐवजी मुगाची डाळ घ्या, ती पोटाला हलकी.

सुरुवात करण्याआधी एक तपासणी करून घ्या: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. तुमची साखर वाढलेली आहे म्हणून हे सांगतो. मूत्रपिंडं निरोगी असली तर 66 ग्रॅम अजिबात जास्त नाही. ती बिघडलेली असतील तर सहसा किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपासच राहावं लागतं आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्याच वेळी बी-12 आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. त्यानं स्नायू वाढत नाहीत, पण अंडंही न खाणाऱ्या घरात बी-12 कमी निघणं नवल नाही आणि त्यानं येणारा थकवा, पायांतल्या मुंग्या याला लोक "प्रोटीन कमी" समजतात.

आता तो भाग, ज्याशिवाय वरच्या 66 ग्रॅमचा अर्धा उपयोगही होणार नाही. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं, ते सोडू नका. पण मांडीच्या स्नायूला रोजची चाल सवयीची होऊन जाते, आणि सवयीचं काम करणाऱ्या स्नायूला जाड राहण्याचं कारण उरत नाही. त्याला जड काम द्यावं लागतं.

आधी स्वतःची परीक्षा घ्या. हात नसलेली, सतरा-अठरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर गुंफा. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जितकं जमेल तितकं भराभर. यजमानांना घड्याळ धरायला सांगा. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद मागे पडली आहे. त्याच निकषांत बाईच्या पोटरीचा सर्वांत जाड भाग 33 सेंटीमीटरपेक्षा कमी भरणं ही स्नायू घटल्याची शंका घ्यायची खूण आहे. शिवणाची टेप पुरते, मात्र पायाला सूज असेल तर माप फसवतं. दोन्ही आकडे कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा.

व्यायाम त्याच खुर्चीचा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून: आठ वेळा उठणं-बसणं, दीड-दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ, पुन्हा विसावा, पुन्हा आठ. खाली बसताना मनात तीन मोजा. बहुतेकजण इथेच चुकतात. उठतात नीट आणि बसताना धपकन पडतात, म्हणजे निम्मं काम खुर्चीच करते. दोन्ही गुडघे पावलाच्या दिशेतच राहिले पाहिजेत, एकमेकांकडे झुकले तर गुडघा दुखायला लागतो. उठताना श्वास सोडा, रोखून धरू नका. हात टेकल्याशिवाय अजिबात जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती पातळ करत जा.

शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत, पण ढंग बिघडता कामा नये. तीनही फेऱ्यांत बारा वेळा सहज जमायला लागलं की दोन किलो पिठाची पिशवी छातीशी धरा, मग तीन, मग पाच. वजन वाढवत नेणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. वर्षभर त्याच आठ उठाबशा काढल्या तर पहिल्या दोन महिन्यांनंतर काहीच घडत नाही. याला जोड म्हणून ओट्याला धरून टाचा उचलणं आणि भिंतीला हात टेकून ढकलणं, दोन्ही बारा-बारा, दोन फेऱ्या. एकूण पंचवीस मिनिटं लागतात. व्यायाम झाल्या झाल्या प्रोटीन हवंच असंही नाही, सकाळी करून त्यानंतर पोहे-दूध घेतलंत तरी पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणं ठीक. सांध्यात टोचणं किंवा छातीत धडधडणं ठीक नाही, तेव्हा थांबून डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल, पण मांडी जाड झालेली दिसणार नाही. तेव्हा नसांना स्नायू जास्त चांगले जागवता येऊ लागतात, मांस नंतर भरतं. आठ आठवड्यांनी खुर्चीची परीक्षा पुन्हा घ्या. वेळ कमी झाला नसेल तर आधी डाळीचं किलो किती दिवस पुरलं ते बघा, मग पिशवीचं वजन वाढवलं होतं का ते. दोन्ही नीट असूनही ताकद घटतच असेल, एकच पाय मागे पडत असेल, किंवा खाणं वाढवूनही वजन उतरत असेल, तर हा आहाराचा प्रश्न उरत नाही, फिजिशियनकडे जा.

राहिला तुमचा सोमवार. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, बटाट्यात थोडंसं. एका दिवसानं स्नायू गळत नाहीत, पण वर्षाचे बावन्न सोमवार असेच गेले तर बेरीज होते. उपास मोडायची गरज नाही. राजगिरा उपासाला चालतो आणि गहू-तांदळापेक्षा त्यात लायसिनही जास्त असतं. सकाळी साठ ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ आणि दीडशे ग्रॅम दही, दुपारी पेलाभर दूध आणि तीस ग्रॅम भाजलेले दाणे, संध्याकाळी घरच्या पनीरचे शंभर ग्रॅम तुकडे जिरं-मिरीवर परतून: पन्नासच्या जवळ जातं. घरी दूध फाडताना लिंबू वापरा आणि निवळ फेकू नका, त्यातच थालीपिठाचं पीठ भिजवा.

आणि भाच्याला सांगा, बाफला आणि डाळ दोन वेगवेगळ्या वेळी खाल्ली तरी चालते.